तिप्पट डोस, पण तिप्पट काळ नव्हे

विद्यार्थी मित्रहो, रक्तातील औषधाची पातळी निम्मी होण्यास जो वेळ लागतो, तो त्या औषधाचा अर्धायुकाल होय, ही व्याख्या आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु तिच्यावरून दोन डोसांमधील अंतर कसे ठरते, हे एखाद्या औषधाचे गणित मांडल्याशिवाय उमगत नाही, म्हणून आज आपण अमॉक्सिसिलिनपासून सुरुवात करू.

मूत्रपिंडे निरोगी असतील तर अमॉक्सिसिलिनचा अर्धायुकाल सुमारे १ तास असतो. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलनंतर रक्तातील कमाल पातळी ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर झाली आणि जिवाणूंची वाढ रोखण्यासाठी किमान १ मायक्रोग्रॅम लागते, असे धरू. तासागणिक ८चे ४, ४चे २ आणि २चा १ होतो. म्हणजे कमाल पातळीनंतर परिणामकारक पातळी तीनच तास टिकते. पेनिसिलिन गटात पातळी किती उंच गेली याला फारसे महत्त्व नसते, ती या किमान रेषेच्या वर किती वेळ राहिली याला असते, आणि साधारणपणे अंतराच्या ४० टक्के वेळ ती वर असावी अशी अपेक्षा असते. आठ तासांच्या अंतरात हे जेमतेम साधते.

मग रुग्ण विचारतो, ‘तिन्ही कॅप्सूल सकाळीच घेतल्या तर?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता आलेच पाहिजे. आतड्यातून शोषण पूर्ण झाले असे मानले तरी पातळी २४ मायक्रोग्रॅमवर जाईल आणि सुमारे साडेचार तासांत किमान रेषेखाली येईल. विभागून घेतलेल्या त्याच तीन कॅप्सूल दिवसाकाठी नऊ तास देतात. डोस दुप्पट केल्याने केवळ एका अर्धायुकालाचीच भर पडते, म्हणून अल्प अर्धायुकालाची भरपाई मोठ्या डोसाने करणे अवघड असते.

अम्लोडिपिनचा अर्धायुकाल ३० ते ५० तास असतो. तो ४० तास धरला तर दुसऱ्या दिवशीच्या गोळीच्या वेळी पहिल्या गोळीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग शरीरात शिल्लक असतो. त्यामुळे रोज एक गोळी पुरते. मात्र औषध साठत जाऊन पातळी स्थिरावण्यास चार ते पाच अर्धायुकाल, म्हणजे सात-आठ दिवस लागतात. दोन दिवसांत रक्तदाब उतरला नाही म्हणून डोस वाढवणे येथे घाईचे ठरते.

ओमेप्राझोलचा अर्धायुकालही जेमतेम १ तासाचा, तरी ते बहुधा दिवसातून एकदाच देतात, कारण ते जठरातील आम्ल स्रवणाऱ्या पंपांना कायमचे जखडते. औषध रक्तातून नाहीसे झाले तरी ते पंप बंदच राहतात आणि पेशींनी नवे पंप तयार केल्यावरच आम्लाचे प्रमाण पुन्हा वाढते. त्यामुळे येथे दोन डोसांमधील अंतर औषधाच्या अर्धायुकालावर नव्हे, तर नवे पंप किती वेगाने तयार होतात यावर ठरते.