चौकटीतला सांधा: कुसू, खाच आणि लाकडी खुंटी

[दृश्य: कोकणातल्या जुन्या घराचं दार. कॅमेरा सावकाश वर सरकतो आणि गणेशपट्टीच्या कोपऱ्यावर थांबतो.]

या कोपऱ्याकडे नीट बघा. उभं लाकूड आडव्या लाकडाला मिळतं तिथे खिळ्याचं डोकं दिसत नाही. पट्टीच्या वरच्या अंगाला उभ्या लाकडाचं टोक डोकावतंय आणि पुढच्या अंगावर अर्ध्या इंचाची गोल टिकली आहे. ही टिकली म्हणजे आरपार ठोकलेल्या लाकडी खुंटीचं तोंड. अख्खी चौकट अशा चार सांध्यांवर उभी आहे.

[दृश्य: सुताराचं अंगण. गुण्या, पटाशी, गिरमिट.]

आता तशीच नवी चौकट होताना पाहू. लाकूड सागाचं, चार बाय तीन इंचाचं. उभ्या लाकडाच्या टोकाला चार इंचाचे तीन भाग पाडायचे. बाहेरचे दोन कापून काढले की मध्ये साधारण सव्वा इंच जाडीची जीभ उरते, तिला कुसू म्हणायचं. कुसवाच्या दोन्ही बाजूंना ज्या पायऱ्या राहतात ते खांदे. आडव्या लाकडात तेवढ्याच मापाची खाच पटाशीने आरपार काढायची. कुसू यापेक्षा जाड ठेवलं तर खाचेच्या भिंती पातळ होऊन फुटतात, बारीक ठेवलं तर कुसूच मोडतं. म्हणून तिसरा हिस्सा.

आडवं लाकूड उभ्याच्या पुढे दोन्हीकडे थोडं बाहेर काढलेलं दिसतंय ना? ते भिंतीत गाडलं जातं, हे खरं. पण तेवढ्यासाठी ते ठेवलेलं नाही. खाच अगदी टोकाशी आली तर लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेत चिरतं. पुढे चार इंच लाकूड राहिलं की खाच शाबूत राहते.

[दृश्य: कुसू खाचेत शिरतंय. जवळून.]

कुसू हाताने दाबून अर्धं शिरलं पाहिजे, उरलेलं मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, हलक्या ठोक्यांनी. सुरुवातीपासूनच ठोकावं लागत असेल तर ते बाहेर काढून पुन्हा तासायचं, नाहीतर खाच फाटते.

आणि आता खरी कारागिरी. खाचेच्या दोन्ही भिंतींतून खुंटीसाठी भोक पाडलं, खांद्यापासून इंचभर अंतरावर. कुसू आत बसवून भोकाची खूण त्याच्यावर घेतली आणि कुसू परत बाहेर काढलं. कुसवातलं भोक मात्र त्या खुणेवर पाडायचं नाही, खांद्याच्या बाजूला अर्धं सूत सरकवून पाडायचं. अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर. भोकं जुळत नाहीत, हे मुद्दाम. टोक निमुळतं केलेली सुकी, सरळ रेषेची खुंटी त्यातून ठोकली की ती वाट काढताना कुसवाला आत ओढते आणि खांदा पट्टीला घट्ट चिकटतो. सरस लागत नाही. अर्ध्या सुताऐवजी दोन सूत सरकवलं तर मात्र खुंटी तरी तुटते, नाहीतर भोकापुढचं कुसू चिरून निघतं.

[दृश्य: मुसळधार पाऊस. ओलं अंगण. मग तेच अंगण मे महिन्यात.]

एवढा खटाटोप कशासाठी? दोन लांब खिळे मारले असते तरी चौकट उभी राहिलीच असती. पहिली दोन-तीन वर्षं फरकही कळला नसता.

फरक पाडतो तो पाऊस. लाकूड हवेतली ओल घेतं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे जाडी-रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ वाढत नाही. साग त्यातला शांत स्वभावाचा. तरीही उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडातली ओल आठ टक्क्यांनी बदलली, तर तीन इंच जाडीची पट्टी मिलिमीटरभर फुगू शकते.

[दृश्य: रेखाचित्र. पट्टीतून खाली उभ्या लाकडात गेलेला खिळा.]

आता खिळा बघू. तो वरून पट्टीतून शिरून उभ्या लाकडाच्या टोकात घुसलाय. लाकडाच्या टोकाला रेषांची तोंडं उघडी असतात, त्यामुळे खिळा रेषांच्या मधोमध, त्यांच्याच दिशेने बसतो. तिथे त्याची पकड सगळ्यात कमी असते. त्यात पावसाळ्यात पट्टी फुगते आणि खिळ्याच्या डोक्याला वर ढकलते. खिळा केसभर वर येतो, किंवा डोकं लाकडात रुततं. उन्हाळ्यात पट्टी आकसते, पण खिळा काही आपणहून खाली जात नाही. फट राहते. पुढच्या पावसात तीच फट वाढते. ओलीने गंज चढतो तो वेगळाच. बाभूळ, ऐन अशा टॅनिन असलेल्या लाकडांत खिळ्याभोवती काळा डाग पडतो आणि तिथलं लाकूड ठिसूळ होत जातं.

[दृश्य: त्याच रेखाचित्रात आता कुसू आणि खुंटी.]

खुंटीच्या सांध्यातही लाकूड फुगतंच, ते कुणाला थांबवता येत नाही. पण इथे मोजायची जाडी तीन इंचांची नाही. खांदा आणि खुंटी यांच्यामध्ये इंचभरच लाकूड आहे, म्हणजे हालचालही तिसरा हिस्सा. आणि थोडी वाकून बसलेली खुंटी लवचीक असते, तेवढी हालचाल ती सहज पचवते. दार आपटलं की तो धक्का खांदे आणि खाचेच्या भिंती झेलतात. खिळ्याची भिस्त घर्षणावर, सांध्याची आकारावर.

ही युक्ती फार जुनी. जर्मनीत लायप्झिगजवळ इसवी सन पूर्व 5100 च्या सुमाराची ओकची विहीर सापडली, तिच्या तळाशी कुसू-खाचेचे सांधे आहेत. धातूची हत्यारं तेव्हा नव्हतीच. आपल्याकडे भाजे लेण्याच्या तोंडाशी दगडात कोरलेल्या खाचा आजही दिसतात. तिथला लाकडी दर्शनी भाग मात्र केव्हाच गेला.

[दृश्य: जुन्या टेबलाचा खण. तो ओढला जातो.]

टेबलाच्या खणाचं दुखणं निराळं. खण रोज एकाच दिशेने ओढला जातो आणि मूठ पुढच्या फळीला असते. खिळे मारलेली पुढची फळी एक दिवस हातात येते. इथे डवटेल लागतं. बाजूच्या फळीच्या टोकाला शेपट्या कापतात, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या, आणि पुढच्या फळीत त्यांना बसतील अशा खाचा. ओढ जितकी जास्त तितकी शेपटी खाचेच्या तिरक्या भिंतींवर रुतते. शेपट्या पुढच्या फळीवर आणि खाचा बाजूला, असं उलट झालं की सगळं बिघडलं: ओढल्यावर सांधा सरळ सुटून येतो.

तिरकेपणाचंही माप आहे. सागासारख्या कठीण लाकडात आठाला एक, मऊ लाकडात सहाला एक. जास्त तिरकं कापलं तर शेपटीचे कोपरे तुटतात. चारही फळ्यांच्या रेषा खणाभोवती एकाच दिशेने फिरवलेल्या असतात, त्यामुळे पावसात सगळ्या सारख्याच उंच होतात आणि कुणी कुणाला फाडत नाही. खणाचा तळ मात्र खाचेत सैल सोडायचा. खिळे मारून जखडला की तो चिरलाच समजा.

भुसा दाबून केलेल्या बोर्डात यातलं काही चालत नाही. त्यात रेषाच नसतात, मग शेपटी मुळापासून तुटते. तिथे स्क्रूच बरे. छपराच्या रिपांना तर खिळाच हवा, त्यांच्यासाठी कुसू कापत बसणं वेडेपणा.

[दृश्य: चौकटीचा खालचा कोपरा, उंबऱ्याशी. ओली, काळपट रेघ.]

या सांध्याचा कच्चा भाग इथे, तळाला. उंबऱ्याच्या खाचेत पाणी साचलं की कुसू आतून कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही. टोचणी घालून पाहायची. ती सहज आत गेली तर लाकूड गेलं. दार उंबऱ्याला घासायला लागलं, तर चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मग खांद्यापाशी फट दिसते का ते पाहायचं. कुसू शाबूत असेल, तर जुनी खुंटी मागून ठोकून काढायची, खांदा परत टेकवायचा आणि नवी खुंटी मारायची. तासाभराचं काम. फट बुजवायला तिथे खिळा मारू नये. तो कुसवातून जातो आणि पुढच्या वेळी सांधा उघडायचा झाला तर करवत लावावी लागते.