दोनशे रोजांची विरळणी

नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे निघालं की दोन्ही हातांना द्राक्षबागा लागतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड सुटतात, मणी धरतात आणि विरळणीची घाई सुरू होते. कात्रीने घडातले जादा मणी काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. उशीर झाला तर मणी एकमेकांना इतके चिकटतात की कात्री आत शिरत नाही. बळेच घातली तर शेजारचा मणी टोचला जातो आणि तिथूनच सड लागते.

समजा, दोन एकर बाग आहे. लागवड नऊ बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी साधारण ९६८ झाडं. झाडाला तीस घड धरले तर दोन एकरांत ५८ हजार घड होतात. एका बाईचे दिवसाला किती घड होतात, हे मुकादमाला विचारण्यापेक्षा बागेत बघावं. तेही सर्वांत चपळ बाईचं नाही, मधल्या हाताच्या बाईचं. घडाला दीड मिनिट आणि कामाचे खरे सात तास धरले, तर २८० घड. म्हणजे एकूण २०७ रोज. मणी वाढायच्या आत सहा दिवस हातात असतील, तर ३५ बाया लागतात.

दोन दिवस काम सुरळीत झालं. तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि तो दिवस गेला. आता १३७ रोजांचं काम आणि तीन दिवस उरले. भागाकार सांगतो ४६ बाया, म्हणजे अकरा वाढवा. शेतकरी पेठ-सुरगाण्याकडच्या टोळीला फोन लावतो. इथेच हिशेब चुकतो.

नवी बाई पहिल्या दिवशी निम्मंच काम करते. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, हे तिला दाखवायला जुनी बाई दोन तास तरी आपली ओळ सोडते. म्हणून तीन दिवसांत नवीचे एकवीस तास भरत असले, तरी बागेला मिळतात साडेपंधराच. अकरांनी भागत नाही, पंधरा लागतात.

तीच बाई शेवटच्या दिवशी आणली तर? साडेतीन तासांचं काम तिचं, त्यातून जुनीचे दोन तास वजा. दिवसाची पूर्ण मजुरी देऊन हाती येतं दीड तासाचं काम. शिवाय एका ओळीत दोघी लागल्या की मधले घड दोघींकडूनही सुटतात, आणि कोणाच्या हातून सुटले ते कळत नाही.

म्हणून माणसं वाढवायची तर पावसाच्या दुसऱ्याच सकाळी. ती वेळ गेली असेल, तर नवे हात शोधत बसू नये. ज्या ओळींत मणी सर्वांत जाड झालेत, तिथे जुन्या बायांना आधी घालावं. बारीक मण्यांच्या ओळी आणखी एक-दोन दिवस थांबू शकतात.