अंतरपाट सरकतो तो क्षण, एकोणीस मोबाइलमधून

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं साताऱ्याला लग्न झालं. पाहुण्यांच्या 19 मोबाइलमधून माझ्याकडे दोनशेच्या वर क्लिप्स आल्या आणि त्यांतून मी सहा मिनिटांची फिल्म केली. आज मी त्यातल्या फक्त मंगलाष्टकांबद्दल बोलणार आहे, कारण तेवढी वीस मिनिटं नीट जुळली की बाकीचं लग्न हाताशी येतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दोनच गोष्टी केल्या. घरच्या ग्रुपवर सांगितलं की क्लिप्स व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की चित्र दाबून लहान होतं आणि फाइलचं मूळ नावही जातं. `VID-20241212-WA0007.mp4` अशा नावातून क्लिप व्हॉट्सॲपवर आल्याची तारीख कळते, पण ती कधी, किती वाजता काढली ते कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एक जुना मोबाइल विमान मोडवर टाकून गुरुजींच्या माइकजवळ ठेवला आणि त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता आवाज रेकॉर्ड केला. तो आवाज म्हणजे फिल्मचा कणा. बाकी सगळ्या क्लिप्स त्याच्यावर बसवायच्या.

बसवण्याचं काम डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. क्लिप्स निवडून मल्टिकॅम क्लिप, म्हणजे सगळे कोन एकत्र असलेली क्लिप, करताना `Angle Sync` मध्ये `Sound` निवडलं की तो आवाजाच्या लहरी ताडून पाहतो आणि क्लिप्स जुळवतो. बहुतेक क्लिप्स बरोबर बसल्या, पण तीन चुकल्या. मंगलाष्टकांआधी हॉलमध्ये सनईची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लागत होती. तेच सूर दर काही मिनिटांनी येत असल्यामुळे क्लिप भलत्याच फेरीवर जाऊन बसली. हे कानाला कळत नाही, डोळ्यांना कळतं: एका कोनात नवरी पाटावर उभी आणि दुसऱ्यात ती अजून मामाबरोबर चालत येतेय.

दुसरी अडचण हळूहळू उघडी पडते. मोबाइल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम्स घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की त्या कमी-जास्त होतात. त्यामुळे लांब क्लिप सुरुवातीला अचूक जुळते आणि दहाव्या मिनिटाला ओठ पुढे, शब्द मागे असं होतं. म्हणून जुळवलेली क्लिप नेहमी शेवटाकडे तपासावी. मी अशा क्लिप्स आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून `Constant Framerate` निवडून सेकंदाला 30 फ्रेम्सवर काढून घेतल्या आणि मग जुळवल्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार आवडते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्पीकर स्टेजवर आणि काका 35 मीटर मागे असले, तर त्यांच्या मोबाइलला 'सावधान' एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतं, म्हणजे तीन फ्रेम्स. आवाजावर जुळवलं की त्यांच्या चित्रात अंतरपाट तीन फ्रेम्स आधीच सरकतो. ती क्लिप हाताने टाइमलाइनवर तेवढी उजवीकडे सरकवायची.

आता निवड. 'शुभमंगल सावधान' होताच बहुतेक क्लिप्स तुटतात, कारण त्या हाताला अक्षता टाकायच्या असतात. नेमक्या त्या क्षणी सलग चालू राहिलेल्या चारच क्लिप्स होत्या आणि चारही स्टेजच्या. त्यातली एक पुरे. मी शोधत होते ते स्टेजकडे पाठ केलेले मोबाइल. एका करवलीने चुकून मामांच्या हातांवर कॅमेरा धरला होता. अंतरपाट धरून धरून त्यांची बोटं थरथरत होती. ती दोन सेकंदं मी घेतली.

आणि एक क्लिप आतल्या खोलीतली होती. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई बाहेर येत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. तिच्याजवळ बसलेल्या भाचीने ते मोबाइलवर घेतलं होतं. भिंतीपलीकडून शब्द कळतच नव्हते, म्हणून यंत्राला ती क्लिप जुळवता आली नाही. पण भिंतीतून ढोलाचा जाड आवाज येतोच. वाजंत्री सुरू झाल्याचा पहिला ठोका मी लहरींमध्ये शोधला, कण्यावरच्या पहिल्या ठोक्याखाली ठेवला आणि दोन्ही क्लिप्स एकत्र चालवल्या. बाहेर अंतरपाट सरकला त्या क्षणी आत तिच्या हातातला तांब्या थांबला होता. तिने मान वर करून दाराकडे पाहिलं, आणि मग उरलेलं पाणी घातलं.

फिल्ममध्ये स्टेज एक सेकंद दिसतो. मग वाजंत्री चालूच ठेवून मी आतल्या खोलीत जाते आणि तांब्या रिकामा होईपर्यंत कट करत नाही. त्यावर गाणं घातलेलं नाही.