बाणावरचा त्रिकोण

(कोल्हापुरात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, माझे सहकारी आणि मागच्या बाकांवर दाराजवळची जागा धरून बसलेल्या मित्रांनो,

मला विषय दिलाय ‘अमाइड बांधणीचे मार्ग’. मार्गांवर मी येणारच आहे, पण त्याआधी माझं एक जुनं भांडण आहे, ते बाणावरच्या त्रिकोणाशी. तुमच्या वहीत असं लिहिलेलं असतं: कार्बोक्सिलिक आम्ल अधिक अमाइन, मग एक बाण, बाणावर छोटा त्रिकोण म्हणजे उष्णता, आणि पलीकडे अमाइड अधिक पाणी. दिसायला एकदम झकास. परीक्षेत मार्कही मिळतात. मीही मिळवलेत. आणि याच त्रिकोणाने एम.एस्सी.ला असताना माझी जी फजिती केली, ती आज चाळीस वर्षं झाली तरी विसरता येत नाही.

झालं असं. सरांनी एन-बेंझिल बेंझामाइड करायला सांगितलं. बेंझॉइक आम्ल 1.22 ग्रॅम, बेंझिल अमाइन 1.07 ग्रॅम, म्हणजे दोन्ही 10 मिलिमोल. मी म्हटलं, यात काय अवघड? फ्लास्कमध्ये टोल्युइन घेतलं, दोन्ही घातलं, दोन तास रिफ्लक्स केलं आणि थंड केलं. काय सांगू, पांढरेशुभ्र चमकदार स्फटिक! गाळले, वाळवले, वजन केलं तर 2.25 ग्रॅम. अमाइडचा रेणुभार 211, म्हणजे 10 मिलिमोलमागे जास्तीत जास्त 2.11 ग्रॅम मिळायला हवं. मी भागाकार केला. यिल्ड आलं जवळजवळ 107 टक्के. (हशा)

हसताय, पण त्या दिवशी मी हॉस्टेलवर मित्रांना मिसळ चारली होती. मनात म्हटलं, थोडं टोल्युइन राहिलं असेल, चालायचंच.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही बघितली आणि एक शब्द बोलले नाहीत. वॉच ग्लासवर माझे चिमूटभर स्फटिक ठेवले आणि पाण्याचे दहा-पंधरा थेंब टाकले. सगळं विरघळलं. एन-बेंझिल बेंझामाइड पाण्यात असं विरघळत नाही. मग त्यात दोन थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, तर पांढरा गाळ बसला. तो धुऊन वाळवून वितळणबिंदू घेतला, तो आला 122. म्हणजे बेंझॉइक आम्ल, जसं घातलं होतं तसंच. स्फटिकांच्या दुसऱ्या चिमटीवर कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले आणि मला म्हणाले, “वास घे.” बेंझिल अमाइनचा वास. “दोन्ही बाटल्या तू एकत्र ठेवल्यास,” सर म्हणाले, “आणि वर मिसळ खाल्लीस.”

मी जे वजन केलं, तो होता बेंझिल अमोनियम बेंझोएट, म्हणजे सॉल्ट. त्याचा रेणुभार 229. आता 229 मधून 211 वजा करा. उरतात 18. म्हणजे जे पाणी जायचं होतं ते गेलंच नव्हतं. माझ्या त्या जादा टक्क्यांचा हिशेब हाच. टोल्युइनचा त्यात काही दोष नव्हता. यिल्ड शंभराच्या वर गेलं की आधी ओलावा बघा, आणि ओलावा नसेल तर अठराचा हिशेब करा.

आता हे का होतं? आपल्या खासबाग मैदानातली कुस्ती आठवा. दोन पैलवान आखाड्यात येतात, माती घेतात, सलामी देतात. आता समजा सलामीला हातात हात मिळाला आणि तो सुटलाच नाही. पट नाही, ढाक नाही, दोघं तसेच उभे. पब्लिक काय म्हणेल? “अरं, धरा की!” पण धरणार कसे, हात गुंतलेत.

आम्ल आणि अमाइन एकमेकांसमोर आले की पहिली देवाणघेवाण प्रोटॉनची होते आणि ती क्षणात होते. बेंझॉइक आम्लाचा पीकेए 4.2, बेंझिल अमोनियमचा 9.3. फरक पाचाचा, म्हणजे पाण्यात हा तोल सॉल्टच्या बाजूला लाखाला एक या प्रमाणात झुकलेला असतो. (टोल्युइनमध्ये हा आकडा तसाच्या तसा लावता येत नाही, पण तिथेही दोघं जोडीनेच राहतात.) एकदा सॉल्ट झालं की दोन्हीकडून दारं बंद. अमाइनच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी प्रोटॉनला गेली, आता हल्ला करायला त्याच्याकडे काही नाही. आणि ज्या कार्बनवर हल्ला व्हायचा, तो आता ऋणभारित कार्बोक्सिलेटचा कार्बन आहे. त्याला इलेक्ट्रॉनची भूक उरलेली नाही. अमाइड व्हायचं तर तिथून ऑक्सिजन सुटून जायला हवा, आणि तो दोन ऋणभार घेऊन एकटा बाहेर पडेल, ही अपेक्षाच चुकीची.

इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो: “सर, एस्टर करताना आपण सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकतो, तसं इथे टाकलं तर?” उत्तर असं की अल्कोहोल प्रोटॉन फारसा पकडत नाही, त्यामुळे तिथे आम्ल कार्बोनिलला चेतवायला मोकळं असतं. इथे टाकलेलं सल्फ्युरिक आम्ल आधी अमाइनच गिळतं. सलामीत अडकलेल्या पैलवानाला तुम्ही दोरीने आणखी घट्ट बांधता.

तरी त्रिकोण पूर्ण खोटा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सॉल्ट आणि सुटे आम्ल-अमाइन यांच्यात थोडी ये-जा चालू असते. जाळ पुरेसा वाढवला आणि पाणी बाहेर काढत राहिलं तर अमाइड होतं. नायलॉन 6,6 असंच बनतं. अ‍ॅडिपिक आम्ल आणि हेक्सामिथिलीन डायअमाइन यांचं सॉल्ट मुद्दाम शुद्ध करून घेतात, म्हणजे दोघांचं प्रमाण नेमकं एकास एक राहतं, आणि मग ते 270 अंशांच्या आसपास तापवतात. तिथे सॉल्ट हा कच्चा माल आहे. पण गुऱ्हाळावर गेलात तर चुलवाणासमोरचा माणूस काय सांगतो? रस आटवायला जाळ हवा, पण गूळ करपेल इतका नको. नायलॉनचे रेणू तो जाळ सोसतात. औषधाचा नाजूक रेणू, पेप्टाइड, पेनिसिलीनचं कडं हे सोसत नाहीत. पेनिसिलीनचं उदाहरण मुद्दाम देतोय. जॉन शीहान यांनी 1957 मध्ये पेनिसिलीन व्ही प्रयोगशाळेत बांधलं, तेव्हा शेवटचं चार अणूंचं कडं, जे स्वतः एक अमाइडच आहे, ते बंद करायला त्यांनी त्रिकोण वापरला नाही. डायसायक्लोहेक्सिल कार्बोडायइमाइड वापरलं, म्हणजे आपलं डीसीसी, तेही खोलीच्या तापमानाला.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. बरं.)

मग मार्ग एकच आहे. आम्लाचा ओएच गट असा बदलायचा की तो सहज सुटून जाईल आणि प्रोटॉनही राहणार नाही. त्याची वेगवेगळी रूपं बघू. घाईत बघू.

पहिलं आम्ल क्लोराइड. तेच 1.22 ग्रॅम बेंझॉइक आम्ल, 1.1 मिली थायोनिल क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब, धूर हूडमध्ये. वायू यायचा थांबला की एक थेंब मेथॅनॉलमध्ये टाका आणि टीएलसी करा. मिथिल एस्टरचा ठिपका वर दिसेल. खाली आम्लाचा ठिपका राहिला असेल तर अजून तापवा. उरलेलं थायोनिल क्लोराइड उडवून द्या. आता इथे तीच जुनी शत्रुता परत येते. अमाइन एकास एक घेतलं आणि बेस घातला नाही, तर प्रत्येक अमाइडमागे एक हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते उरलेलं अमाइन धरतं आणि यिल्ड पन्नाशीच्या वर जात नाही. कुणाचं 48 टक्के आलं तर मी तंत्र बघत नाही, विचारतो, “बेस घातलास का?” दीड मिली ट्रायइथिल अमाइन, बर्फात ठेवून, थेंब थेंब. नाहीतर शॉटन-बाउमान पद्धतीने कॉस्टिक सोड्याचं द्रावण. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, अमाइन जातं. बायकार्बोनेटने धुवा, आम्ल जातं. जे उरतं ते 105 अंशांच्या आसपास वितळलं पाहिजे.

दुसरं मिश्र अ‍ॅनहायड्राइड, आयसोब्युटिल क्लोरोफॉर्मेट घेऊन. उणे 15 अंश, काही मिनिटं, लगेच अमाइन. नाजूक अमिनो आम्लांसाठी चांगलं, पण तापमान चढू दिलं तर अमाइन चुकीच्या कार्बोनिलला भिडतं.

तिसरं कार्बोडायइमाइड. डीसीसी साधारण 34 अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे बाटली उघडली की आत तेल दिसतं. घाबरू नका, पण हातमोजे घाला, ते त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी लावतं. आम्ल त्याच्याशी जोडलं की ओ-अ‍ॅसिलआयसोयुरिया बनतो. अमाइन लवकर आलं तर ठीक. रेंगाळलं तर तोच रेणू आतल्या आत उलटतो आणि एन-अ‍ॅसिलयुरिया होतो. तो मग अमाइनला दाद देत नाही, तुमचं आम्ल तिथेच वाया. म्हणून थंड ठेवा आणि सोबत एचओबीटी घाला. ते मध्ये येऊन सक्रिय एस्टर करतं. मात्र एचओबीटी कोरडं झालं तर स्फोटक, म्हणून ते ओलंच विकतात. वाळवायचा शहाणपणा करू नका. डीसीसीचा युरिया पांढरा गाळ होऊन बसतो, गाळला तरी थोडा मागे राहतोच. ईडीसी हे कार्बोडायइमाइड वापरलं तर त्याचा युरिया पाण्याने धुतला जातो.

चौथं एचएटीयू, महागडं. एकच सांगतो: आधी आम्ल, बेस आणि एचएटीयू, पाच मिनिटं थांबा, मग अमाइन. सगळं एकदम ओतलं तर अमाइन एचएटीयूलाच चिकटून ग्वानिडीन होतं. एचएटीयू जास्त झालं तरी तेच.

वेळ संपली. एकच प्रश्न घेतो. तिकडून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ विचारतायत, “सर, आमच्याकडं टोल्युइनमध्ये बोरिक आम्ल टाकून डीन-स्टार्क लावतात, आणि अमाइड होतंय की!” होतंय, बरोबर आहे. बोरॉन आम्लाला चेतवतो आणि डीन-स्टार्क ते अठरा ग्रॅम पाणी बाहेर काढत राहतो. साध्या, उष्णता सोसणाऱ्या आम्लाला ही पद्धत स्वस्त आणि उत्तम. डीन-स्टार्कच्या नळीत किती पाणी साठलं तेवढं मात्र वहीत लिहून ठेवा.

आणि ही मुलगी विचारतेय, त्या 2.25 ग्रॅमचं पुढे काय केलं? पाण्यात विरघळवलं, आम्ल टाकून बेंझॉइक आम्ल परत मिळवलं, वाळवलं, आणि त्याच आठवड्यात थायोनिल क्लोराइडला घातलं. त्या वेळी बेस विसरलो.