आठवड्याच्या प्लॅनमधून पाइपच्या ऑर्डरपर्यंत

[दृश्य: भोसरी एमआयडीसीतली फॅब्रिकेशनची शेड. रॅकवर सहा मीटरचे चौकोनी पाइप. मागून कटरचा आवाज.]

निवेदन:

भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पुढच्या आठवड्याचा प्लॅन लिहिलेला आहे. शाळेची डेस्क 120, शिक्षकांची टेबलं 40. प्लॅन एवढाच. यात पाइपचा उल्लेख नाही, रंगाचा नाही, बोल्टचा नाही. पण स्टोअरकीपरला हवं असतं ते नेमकं उलटं. डेस्क किती बनणार यावरून त्याला काही कळत नाही. पंचवीस बाय पंचवीसचे पाइप किती मागवायचे, हे त्याला सांगावं लागतं.

या दोन भाषांमधला दुवा म्हणजे बिल ऑफ मटेरियल, एक वस्तू बनवायला काय काय आणि किती लागतं याची यादी; शेडमधल्या बोलीत बीओएम. आणि प्लॅनमधला आकडा बीओएममधून एकेक पायरी खाली नेत कच्च्या मालापर्यंत पोचवायचा, याला म्हणतात बीओएम एक्स्प्लोजन. उदाहरणासाठी आपण या आठवड्यातला एकच धागा पकडणार आहोत: डेस्कचा पाय. सातशे मिलिमीटरचा, चौकोनी पाइपचा एक तुकडा.

[दृश्य: तयार डेस्क. कॅमेरा बाजूच्या फ्रेमवर स्थिरावतो.]

निवेदन:

डेस्कला दोन बाजूंना दोन फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये सातशेचे दोन पाय, आणि त्यांना जोडणारा साडेतीनशेचा एक आडवा तुकडा. दोन्ही एकाच पाइपमधून कापतात. दोन फ्रेमना जोडणारे लांब पाइप वेगळ्या मापाचे असतात, ते आपण बाजूला ठेवू.

कागदावर हे गणित तोंडी होतं. एका डेस्कला चार पाय, 120 डेस्कना 480. टेबलालाही हेच पाय चार लागतात, म्हणजे 160. एकूण 640. अनेक ठिकाणी ऑर्डर इथेच निघते, आणि चुकते. कारण हा गुणाकार शेडमध्ये आधीच काय तयार पडलंय, हे विचारतच नाही.

[दृश्य: कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या, अजून रंग न दिलेल्या फ्रेम.]

निवेदन:

या पाहा, साठ फ्रेम. मागच्या आठवड्यात वेल्डिंग होऊन पडलेल्या. आपल्याला 240 फ्रेम हव्यात, म्हणजे नव्याने वेल्ड करायच्या फक्त 180. आणि 180 फ्रेमना पाय लागतात 360; 480 नव्हे. साठ्यातली फ्रेम म्हणजे दोन पाय आणि एक आडवा तुकडा आधीच खर्च झालेला. म्हणून वजाबाकी प्रत्येक पायरीवर करायची असते: आधी फ्रेमची, मग उरलेल्या फ्रेमपुरती पायांची, मग उरलेल्या पायांपुरती पाइपची. सगळा गुणाकार आधी उरकून शेवटी पाइपचा साठा वजा केला, तर या साठ फ्रेम हिशेबात कुठेच येत नाहीत.

मात्र या साठ फ्रेमकडे नीट पाहायला हवं. त्यांना रंग दिलेला नाही. म्हणजे पाइप 180 फ्रेमपुरता, पण पावडर कोटिंगची पावडर पूर्ण 240 फ्रेमपुरती. फ्रेममागे वाया जाणारी धरून तीस ग्रॅम पावडर लागते, असा इथला अनुभव धरू. 240 फ्रेमना सात किलो दोनशे ग्रॅम. आता बीओएममध्ये "फ्रेम" अशी एकच नोंद असेल, वेल्ड केलेली आणि रंगवलेली वेगळी नसेल, तर हिशेब 180 च्या आधाराने पाच किलो चारशे ग्रॅम मागेल, आणि साठ फ्रेम रंगाशिवाय उभ्या राहतील. त्यामुळे जिथे माल थांबतो आणि साठतो, तिथे बीओएममध्ये वेगळी पायरी हवी. जिथे माल कधीच थांबत नाही, तिथे पायरी वाढवून उपयोग नाही. नुसत्या नोंदी वाढतात आणि कुणी त्या भरत नाही.

[दृश्य: पडद्यावर झाडासारखी आकृती. डेस्क, रंगवलेली फ्रेम, वेल्ड केलेली फ्रेम, पाय, पाइप. शेजारी टेबल, आणि त्याच्या थेट खाली पाय.]

निवेदन:

आता टेबल. त्याला वेगळी फ्रेम नाही. चार पाय वरच्या अँगलच्या चौकटीला थेट वेल्ड होतात. म्हणजे तोच पाय टेबलाच्या झाडात पहिल्या पायरीवर आहे, आणि डेस्कच्या झाडात तिसऱ्या. या हिशेबातली सगळ्यात फसवी जागा हीच.

कापून ठेवलेले पाय ट्रेमध्ये शंभर आहेत. त्यातले वीस जुन्या ऑर्डरच्या दुरुस्तीसाठी राखलेले, म्हणून हाताशी ऐंशी. समजा, कुणी आधी टेबलाचा हिशेब केला: लागतात 160, आहेत 80, कापायचे 80. मग डेस्कचा वेगळा हिशेब केला: लागतात 360, आहेत 80, कापायचे 280. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर दिसतात. बेरीज 360. पण तेच ऐंशी पाय दोनदा वजा झाले. खरी गरज 360 अधिक 160, म्हणजे 520. त्यातून ऐंशी एकदाच वजा, उरले 440. ऐंशी पाय कमी कापले जातील, आणि ते कळेल शुक्रवारी, वीस टेबलांना पाय नसतील तेव्हा.

याचा उपाय म्हणजे लो लेव्हल कोड. एखादी वस्तू सगळ्या झाडांमध्ये मिळून ज्या सगळ्यात खालच्या पायरीवर येते, तो तिचा आकडा. पायासाठी तो तीन. हिशेब पायरीपायरीने खाली उतरतो, आणि पायाला हात लावतो तो तिसऱ्या पायरीवर आल्यावरच, म्हणजे सगळीकडची मागणी गोळा झाल्यानंतर. टेबलाची मागणी पहिल्या पायरीवरच कळलेली असते, पण ती तोवर थांबते. हे सॉफ्टवेअर करतं, आणि वहीवर करतानाही हाच क्रम ठेवता येतो.

अमेरिकेत उत्पादन नियोजनाचे तज्ज्ञ जोसेफ ऑर्लिकी यांनी 1960 च्या दशकात एक फरक ठामपणे मांडला, तो इथे डोळ्यांसमोर दिसतो. डेस्क किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो. पायांचा अंदाज बांधायचा नसतो. डेस्कचा आकडा ठरला की पायांचा मोजून काढता येतो. तरीही कितीतरी स्टोअरमध्ये पाय "गेल्या महिन्यात इतके लागले" म्हणून कापले जातात. म्हणूनच एका ट्रेमध्ये ढीग असतो आणि शेजारचा रिकामा.

[दृश्य: कटरवर पाइप. पात्याची ठिणगी. मापपट्टी.]

निवेदन:

440 पाय. आता पाइप किती? पहिला मोह मीटरचा. 440 गुणिले सातशे मिलिमीटर म्हणजे 308 मीटर, भागिले सहा, म्हणजे 51 पाइप आणि थोडं वर. चला, 52. पण पाइप मीटरच्या हिशेबाने कापला जात नाही, तुकड्याने कापला जातो. प्रत्येक कापात पातं साधारण तीन मिलिमीटर खातं. सहा मीटरमध्ये सातशेचे पाय निघतात आठ, आणि शेपटाला 376 मिलिमीटर उरतात. 440 भागिले आठ, म्हणजे 55 पाइप. 52 मागवले असते तर पाय निघाले असते 416, चोवीस कमी.

आणि त्या शेपटाचं काय? 376 मध्ये साडेतीनशेचा आडवा तुकडा बसतो. 180 फ्रेमना असे 180 तुकडे हवेत; त्यातले 55 या शेपटांतूनच मिळाले. उरले 125. नव्या पाइपमधून असे सोळा निघतात, म्हणजे आठ पाइप. एकूण 63. हाच विचार न करता पाय आणि आडवे तुकडे वेगवेगळे कापले असते, तर 55 आणि 12, म्हणजे 67 लागले असते. नुसत्या मीटरने मात्र दोन्हींची बेरीज 62 दाखवते. बीओएम किती तुकडे ते सांगतं. ते तुकडे एका पाइपवर कसे बसवायचे, हे कटिंग लिस्टचं काम. हे दोन कागद एकमेकांना जोडलेले नसले, तर एक्स्प्लोजन कितीही अचूक असलं तरी पाइप कमी पडतो किंवा भंगार वाढतं.

[दृश्य: रॅक. वरच्या आडव्यांवर पूर्ण लांबीचे पाइप, खाली लहान तुकड्यांचा ढीग.]

निवेदन:

शेवटची पायरी साठ्याची. पाइपचा व्यापारी वजनावर विकतो. पंचवीस बाय पंचवीस, 1.6 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला साधारण 1.15 किलो, म्हणजे सहा मीटरचा सुमारे 6.9 किलो. स्टोअरच्या नोंदीत 154 किलो दिसतं. सहजच मनात येतं, बावीस पाइप आहेत. पण रॅकवर उभं राहून मोजले, तर अठरा भरतात. उरलेले तीसेक किलो खालच्या ढिगात आहे, आणि त्यात सातशेचा एकही पाय निघत नाही. किलोमध्ये नोंदलेला पाइप नगात मोजल्याशिवाय वजा करू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. ढिगाची नोंद वेगळी ठेवावी, वापरता येईल अशा किमान लांबीसह.

63 वजा 18, म्हणजे 45 पाइप. वजनात साधारण 310 किलो. माल आला की नग आणि वजन दोन्ही तपासावं. नग 45 आणि वजन बरंच कमी भरलं, तर पाइपची जाडी पातळ आहे. मायक्रोमीटर लावून खात्री करता येते.

[दृश्य: कॅलेंडर. गुरुवारवर खूण.]

निवेदन:

मागवायचं कधी, हेही याच झाडात आहे. पहिला लॉट सोमवारी जोडायला हवा. रंगाला एक दिवस, म्हणून रविवार. वेल्डिंगला दोन, शुक्रवार आणि शनिवार. कटिंगला एक. तो गुरुवार निघतो, पण भोसरीच्या या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. म्हणून कटिंग बुधवारी, पाइप मंगळवारी संध्याकाळी स्टोअरमध्ये, आणि व्यापाऱ्याला दोन दिवस लागतात म्हणून ऑर्डर रविवारी. सॉफ्टवेअरमध्ये सुट्टीचा वार रविवार असाच राहिला असेल, तर ते रंग शनिवारी आणि वेल्डिंगचा पहिला दिवस गुरुवारी टाकतं, आणि प्लॅन दुसऱ्याच दिवशी मागे पडतो.

आठवडा संपल्यावर एक काम राहतं. हिशेबाने 63 पाइप जायला हवे होते. स्टोअरमधून प्रत्यक्ष किती गेले, ते पाहायचं. 66 गेले असतील, तर कारण कटिंगवर शोधावं: पहिला तुकडा चुकीचा कापला गेला का, शेपटं भंगारात गेली का, की वेल्डिंगला नाकारलेल्या फ्रेमची नोंदच झाली नाही. दर आठवड्याला तोच फरक येत असेल, तर तो बीओएममध्ये लिहायला हवा, कारण पुढच्या सोमवारचा प्लॅन त्याच बीओएममधून फुटणार आहे.