‘डबा मिळाला का रे?’

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास सुटलाय, त्यामुळे मी वेळ खाणार नाही. मी एका बँकेत फसवणुकीच्या तक्रारी तपासायचं काम करते, पण आज सांगणार आहे ते ऑफिसातलं नाही, घरातलं.

माझी मावशी नाशिकला एकटी असते आणि तिचा मुलगा बोस्टनला. गेल्या श्रावणात सकाळी साडेअकराला तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. नंबर अनोळखी, फोटो मात्र मुलाचा. पलीकडून रडत, धापा टाकत आवाज आला, “आई, माझ्या हातून अ‍ॅक्सिडेंट झालाय. मला पोलिसांनी धरलंय. कुणाला सांगू नकोस.” एवढंच. मग फोन ‘वकीलसाहेबां’कडे गेला आणि ते हिंदीत समजावू लागले: समोरची बाई गरोदर आहे, जामिनाला साडेतीन लाख लागतील, आत्ता भरले तर प्रकरण इथेच मिटेल.

मावशी बावळट नाही. पस्तीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलंय. तिने आधी मुलाला फोन लावला, पण तेव्हा बोस्टनला रात्रीचे दोन वाजले होते आणि त्याचा फोन गप्प करून ठेवलेला होता. त्याने उचलला नाही, म्हणजे तो खरंच पोलिसांकडे आहे, असा तिने अर्थ लावला. नव्वद हजार तिने यूपीआयने पाठवले. पुढचे पैसे मर्यादेमुळे जाईनात, म्हणून शेजारच्या काकांना मदतीला बोलावलं. काकांनी आपल्या फोनवरून थेट सुनेला गाठलं. ती झोपेत म्हणाली, “हे काय, माझ्या शेजारी घोरतायत.”

मावशीने त्याच तासात 1930 ला फोन केला. भारतात सायबर फसवणुकीसाठी हाच नंबर आहे. नव्वदातले चाळीस हजार पुढच्या खात्यात अडकवता आले, बाकीचे तोवर पुढे गेले होते. तक्रारीत दिवस गेला असता, तर तेही मिळाले नसते.

आता त्या फोनची रचना बघा. मुलाच्या आवाजात मोजून तीन-चार वाक्यं, बाकी वीस मिनिटं वकील. आवाजाची नक्कल करायला आता फार माल लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2023 च्या जानेवारीत दाखवलेल्या प्रणालीला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. आपल्या मुलांच्या रील्स आणि वाढदिवसाचे व्हिडिओ याहून कितीतरी लांब असतात. पण नकली आवाजाला गप्पा मारायला लावणं चोरांना धोक्याचं वाटतं, म्हणून तो रडतो. रडण्यात आणि हुंदक्यांत आवाजातला खोटेपणा लपतो, आणि आईचं डोकं चालेनासं होतं ते वेगळंच. ‘लाइन खराब आहे’, ‘कुणाला सांगू नकोस’, ‘फोन जप्त केलाय’ ही वाक्यंही त्याचसाठी, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारायला जाऊ नये.

अ‍ॅरिझोनातल्या एका आईने 2023 च्या जूनमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. पंधरा वर्षांच्या मुलीला पळवल्याचा फोन, दहा लाख डॉलरची मागणी, ती उतरत पन्नास हजारांवर. आवाज मुलीचाच, रडण्याची ढबही तिचीच, असं ती म्हणाली. ही आई सुटली कशी? आजूबाजूच्या दुसऱ्या आयांपैकी एकीने 911 लावला, दुसरीने तिच्या नवऱ्याला आणि मुलीला शोधून काढलं. तिथेही दुसऱ्या फोनने वाचवलं, नाशिकलाही दुसऱ्या फोनने. तेव्हा आवाजावरून खरं-खोटं ओळखायच्या भानगडीत पडूच नका. कान कितीही तयार असला तरी त्या क्षणी तो कामाचा नाही. एक खूण मात्र मावशीला नंतर आठवली: तिचा मुलगा तिला ‘आई’ म्हणतच नाही, ‘माई’ म्हणतो. अर्थात त्याने कधी तसा व्हिडिओ टाकला असता, तर हीही खूण गेली असती.

म्हणून घरात परवलीचा शब्द ठरवावा. एफबीआयनेही 2024 च्या डिसेंबरात हेच सुचवलंय. पण शब्द कसला निवडता, यावर सगळं आहे. कुलदैवत, गाव, कुत्र्याचं नाव, पहिली शाळा, हे सगळं फेसबुकवर सापडतं, आणि यातलं बरंचसं बँकेच्या सुरक्षा-प्रश्नांचं उत्तरही असतं. माझं मत विचाराल तर नुसता शब्द नको, सवाल-जवाब ठेवा. सवाल असा, की ज्याचं साधं उत्तर चुकीचं ठरेल. आमच्या घरात असं ठरलं होतं की मावशी विचारणार, “डबा मिळाला का रे?” आणि मुलगा म्हणणार, “चिंचेखाली.” परका माणूस ‘हो, मिळाला’ किंवा ‘आई, आत्ता डब्याचं काय काढलंस?’ असंच म्हणेल, आणि आपली परीक्षा झाली हे त्याला कळणारही नाही. (आता हे दोनशे माणसांसमोर सांगितलं, म्हणजे हा जवाब बाद. नवा ठरलाय, तो सांगणार नाही.)

ठरवताना तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करू नका. भारतात गेल्यावर समोरासमोर ठरवा, नाहीतर तुम्ही स्वतः लावलेल्या फोनवर बोलून घ्या. आईबाबा विसरतील अशी भीती असेल, तर खुशाल कॅलेंडरच्या मागे लिहू द्या. चोर तिथे नाशिकच्या स्वयंपाकघरात उभा नाहीये, तो फोनमध्ये आहे. आणि शब्द आपण आधी बोलायचा नाही, आपण विचारायचा. ‘आई, आपला शब्द काय होता गं, मला आठवत नाहीये, सांग ना’ असं पलीकडून आलं तर फोन ठेवायचा. एकदा खऱ्या प्रसंगात वापरला की बदलायचा.

पण खरंच अपघात झालेला मुलगा घाबरून शब्द विसरू शकतो. तेव्हा चुकलेला जवाब म्हणजे फसवणूक असं नाही, चुकलेला जवाब म्हणजे पैसे थांबवायचे आणि फोन ठेवून आपल्याकडच्या जुन्या नंबरवर लावायचं. इथे आपल्या लोकांची खास अडचण येते. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र. शिवाय बऱ्याच आईबाबांच्या सिमवर परदेशी फोन लागतच नाही, सगळी भिस्त व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ते तुम्ही रात्री गप्प केलेलं असतं. तेव्हा आईबाबांच्या सिमवरून इकडे साधा फोन लागतो का, हे एकदा लावून बघा. तुमचा फोन गप्प असतानाही त्यांचा नंबर वाजेल, अशी सोय करून ठेवा. बायको किंवा नवरा, एक रूममेट आणि इथला एखादा मित्र, असे तीन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्याकडे ठेवा.

उलटंही होतं, हे विसरू नका. आईबाबांच्या आवाजात तुम्हाला फोन येऊ शकतो, ‘बाबांना हॉस्पिटलात नेलंय, काउंटरवर पैसे मागतायत’ म्हणून. सवाल तेव्हा तुम्ही विचारायचा, आणि त्यांनी वाईट वाटून घ्यायचं नाही. हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर “आईवर विश्वास नाही का?” हे वर्षभर ऐकावं लागेल.

मावशीने नवा सवाल पहिल्यांदा वापरला तो मुलाच्या वाढदिवसाला. त्याने नव्या नंबरवरून फोन केला होता. तो जवाब विसरला. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, आणि त्याच्या जुन्या नंबरवर लावून त्याला आधी ओरडली, मग शुभेच्छा दिल्या.