कटआउटचं वजन मास्कमध्ये असतं

एक प्रश्न मला नेहमी येतो, की पीएनजीचं वेबपी केलं, क्वालिटी ८० वरून ६० वर आणली, तरी फाईल फारशी का उतरत नाही? तर बघा, पारदर्शक फोटोत दोन चित्रं असतात, एक रंगाचं आणि दुसरं मास्कचं, म्हणजे कुठला पिक्सेल किती दिसणार ते ० ते २५५ मध्ये सांगणारं. पीएनजी दोन्ही जसंच्या तसं ठेवतं, म्हणून फोटो असला की फाईल जड. लॉसी वेबपी रंग दाबतं, पण मास्क मुळात लॉसलेसच ठेवतं, आणि ती क्वालिटी फक्त रंगाला लागते.

आता मोकळ्या केसांच्या मॉडेलचा कटआउट घ्या. समजा फाईल १८० केबी, त्यातला मास्कच ११० केबी. रंगाचे ७० चे ५० केलेत तरी हातात १६० च. बुटाचा कटआउट असता तर कडा साफ, मास्क चिमूटभर, तिथे हा त्रास नाही.

हे ओळखायचं कसं, तर `webpinfo` चालवा, `ALPH` म्हणजे मास्कचा आकडा `VP8` म्हणजे रंगाच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. मास्क जड निघाला तर आधी मूळ पीएनजी तपासा. बॅकग्राउंड काढणारी टूल्स बऱ्याचदा रिकाम्या जागेत ० ऐवजी १, २, ३ असं काहीतरी सोडतात, डोळ्याला दिसत नाही पण कॉम्प्रेशनला तो सगळा कचरा साठवावा लागतो. लेव्हल्सने ते ० वर आणा, फुकटात वजन उतरतं, पीएनजीचं सुद्धा.

एवढं करूनही जड वाटलं तर मग हे:

```
cwebp -q 80 -alpha_q 80 in.png -o out.webp
avifenc -q 60 --qalpha 90 -y 444 in.png out.avif
```

पण `alpha_q` जपून हं. ते मास्कमधल्या पायऱ्या कमी करतं, ५० ला तर जेमतेम १२ उरतात, मग मऊ सावलीत पट्टे दिसायला लागतात. एव्हीआयएफ मास्कला वेगळं कृष्णधवल चित्र म्हणून दाबतं, त्यामुळे केसाळ कटआउटला बहुतेक वेळा तेच सगळ्यात हलकं पडतं, फक्त फार दाबलं तर बारीक केस विरघळतात. आणि `444` का, तर लॉसी वेबपीत रंग अर्ध्या रिझोल्यूशनवर जातो, हिरव्या पडद्यावरचा फोटो असेल तर कडेला हिरवट रेघ राहू शकते, एव्हीआयएफला `444` ने रंग पूर्ण रिझोल्यूशनवर ठेवायचा पर्याय तरी आहे. म्हणून तपासताना पांढऱ्यावर बघून समाधान मानू नका, काळ्यावर ठेवा, मग भडक गुलाबीवर.

सपाट रंगाचा लोगो असेल तर मात्र यातलं काहीच नको, लॉसलेस वेबपी करा, बहुतेकदा पीएनजीपेक्षा लहानच येतं, तिथे एव्हीआयएफच्या नादी मी तरी लागत नाही.